'विकलेला माल परत घेतला जाणार नाही': ग्राहकहक्कांचं कॅरोसेल वकिलाने कसं लिहावं

इन्स्टाग्रामवर ग्राहकहक्कांवरची वकिलांची मराठी कॅरोसेल्स, म्हणजे बोटाने सरकवत वाचायच्या अनेक स्लाइड्सच्या पोस्ट, वाढली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कॅरोसेल्समध्ये चूक एकाच जागी होते. पहिल्या स्लाइडवर ठणकावून हक्क सांगितलेला असतो आणि शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरांत 'हा कायदेशीर सल्ला नाही' असं लिहिलेलं असतं. शेवटच्या स्लाइडपर्यंत थोडेच लोक पोचतात. बाकीचे दुसऱ्या स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, आणि तो घेऊन कोणी तरी दुकानदाराशी भांडायला जातं. म्हणून कॅरोसेलची प्रत्येक स्लाइड एकटी फिरणार असं धरूनच ती लिहायची. हक्क ज्या स्लाइडवर, त्याची मर्यादाही त्याच स्लाइडवर.

उदाहरण म्हणून एकच विषय घेतो. दुकानाच्या भिंतीवर आणि पावतीच्या तळाशी छापलेली ती ओळ: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आपला ग्राहक जिल्ह्याच्या गावातला आहे. त्याने ४,२०० रुपयांचा मिक्सर घेतला, पाचव्या दिवशी मोटर बंद पडली आणि दुकानदार पावतीवरच्या ओळीवर बोट ठेवतो आहे.

## १. आधी कलम वाचा, मग मथळा सुचू द्या

बहुतेक जण मथळ्यापासून सुरुवात करतात, आणि मग कायदा मथळ्याच्या मापाने बेतला जातो. उलट करा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ उघडा आणि कलम २ मधला उपखंड ४७ वाचा. 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणजे काय ते तिथे सांगितलं आहे. त्या यादीत एक बाब अशी आहे: सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत करायला नकार देणे. मुदत पावतीवर दिलेली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस.

या एका वाक्याचे दोन चुकीचे अर्थ सर्रास फिरतात.

पहिला: 'कोणतीही वस्तू परत करता येते.' कलमात शब्द 'सदोष' आहे. घरी नेल्यावर रंग पटला नाही, शेजारच्या दुकानात दोनशे रुपये स्वस्त मिळाली, बायकोने नाक मुरडलं, यांपैकी काहीही दोष नाही. दुकानदाराने स्वतःहून बदलून देण्याचं आश्वासन दिलं असेल तर ती गोष्ट वेगळी.

दुसरा चुकीचा अर्थ अधिक धोक्याचा आहे: 'तीस दिवसांत वस्तू परत करायचा हक्क.' हे तीस दिवस दुकानदाराने माल परत घेऊन पैसे देण्याच्या संदर्भात आले आहेत. ग्राहकाला महिनाभर वापरून परत करायची ती सवलत नाही. उलट 'महिना उलटला, आता काही होणार नाही' असंही त्यातून निघत नाही. हा गैरसमज तुमच्या स्लाइडमुळे पसरला, तर ज्याची खरी तक्रार एकतिसाव्या दिवशी सुरू होते तो माणूस घरीच बसेल.

आता 'दोष' म्हणजे काय, ते त्याच कलमाच्या उपखंड १० मध्ये पाहा. गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता, क्षमता किंवा दर्जा यांतली उणीव. आणि ती उणीव कायद्याने ठरवलेल्या, कराराने ठरलेल्या किंवा विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जाशी ताडून पाहायची.

तपासणी: कलम न पाहता, एका श्वासात, कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसाला ही तरतूद सांगता येते का? अडखळत असाल तर स्लाइड लिहायची वेळ अजून आलेली नाही.

## २. 'काय सांगू शकत नाही' ही यादी सगळ्यात आधी लिहा

ही यादी शेवटी लिहिली की ती साच्यातली होते. 'हा मजकूर केवळ माहितीसाठी आहे' या ओळीतून वाचकाला काहीच कळत नाही, कारण नेमकं काय माहितीसाठी आणि काय नाही ते तिच्यात नसतं. विषय ठरला की मिक्सरवाल्याच्या जागी बसा आणि तो जे विचारेल पण तुम्ही चेहरा न पाहता सांगू शकणार नाही, ते उतरवा. आपल्या विषयात मला हे प्रश्न दिसतात.

मोटर जळली ती दोषामुळे की वापरामुळे? हे कागद आणि वस्तू पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो.

पैसे परत मिळतील, की बदलून, की नुसतं दुरुस्त करून? आयोगाला हे सगळे आदेश देता येतात. तुमच्या प्रकरणात कोणता मिळेल, ते स्लाइड सांगू शकत नाही.

तक्रार दुकानदारावर करायची, कंपनीवर, की दोघांवर? हे वॉरंटी कोणी दिली, बिल कोणाचं आहे, यावर ठरतं.

मिक्सर खानावळीसाठी घेतला असेल तर? व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू सहसा या कायद्याबाहेर जाते. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली असेल तर आत येऊ शकते. दोन खानावळींची उत्तरं वेगळी निघतील.

मुदत कधी संपते? तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, हे सगळ्यांना सांगता येतं. तुमचं कारण नेमकं कोणत्या तारखेला घडलं, ते नाही.

अशी यादी झाली की अर्धं कॅरोसेल लिहून झालं समजा, कारण आता प्रत्येक दाव्याला त्याची मर्यादा कुठून आणायची हे माहीत आहे.

## ३. स्लाइड्सचा क्रम: वाचक ज्या क्रमाने अडतो तो

कायद्याच्या पुस्तकाचा क्रम म्हणजे व्याख्या, हक्क, उपाय, अपील. दुकानातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाचा क्रम वेगळा असतो: हे चालतं का, माझ्याकडे काय हवं, काय लिहू, नाही ऐकलं तर कुठे जाऊ. आठ स्लाइड्स पुरतात. इन्स्टाग्राम वीसपर्यंत टाकू देतं म्हणून वीस टाकायच्या नसतात.

स्लाइड १. 'पावतीवर लिहिलंय: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पण माल सदोष निघाला तर?' खाली लहान पण वाचता येईल अशा अक्षरांत: 'फक्त सदोष मालाबद्दल.' मथळ्यात प्रश्न ठेवा. 'ही ओळ बेकायदेशीर आहे!' असं लिहिलंत तर न आवडलेली साडी परत करायला निघालेला माणूसही तुमचंच नाव सांगेल.

स्लाइड २. 'वस्तूत दोष असेल तर ही छापील ओळ दाखवून दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. वस्तू नुसती आवडली नाही, तर हा नियम लागू नाही.' दोन्ही वाक्यं सारख्याच आकाराच्या अक्षरांत. याच स्लाइडचे सर्वाधिक स्क्रीनशॉट निघतात. शिवाय पहिल्या स्लाइडवरून पुढे निघून गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम तीच पोस्ट नंतर दुसऱ्या स्लाइडपासूनही दाखवू शकतं. दुसऱ्या स्लाइडला पहिलीचा आधार मिळेलच असं नाही.

स्लाइड ३. दोष म्हणजे काय, उदाहरणाने. 'मिक्सर पाच दिवसांत बंद पडला: दोष असू शकतो. पाणी आत गेल्याने बंद पडला: दुकानदार वापरावर बोट ठेवेल. नक्की काय ते तपासणीत ठरतं.' 'असू शकतो' या शब्दांवर काट मारायचा मोह होईल. मारू नका.

स्लाइड ४. दुकानात परत जाण्याआधी. मूळ पावती, वॉरंटी कार्ड, पैसे दिल्याची नोंद. मिक्सर सुरू होत नाही याचा छोटा व्हिडिओ, त्यात मागच्या पट्टीवरचा क्रमांक दिसू द्या. आणि ठळक: 'गल्लीतल्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका.' वस्तू एकदा उघडली की दोष आधीपासून होता हे सिद्ध करणं अवघड होतं.

स्लाइड ५. लेखी कळवा. लोक तीन-तीन वेळा दुकानात जातात, तावातावाने बोलतात आणि हातात कागद एकही नसतो. इथे तयार मजकूर द्या, उपदेश नको:

'दि. ___ रोजी आपल्या दुकानातून बिल क्र. ___ अन्वये ___ घेतला. दि. ___ पासून तो चालत नाही. तो परत घेऊन पैसे द्यावेत किंवा नवीन द्यावा. आपलं उत्तर ___ दिवसांत लेखी मिळावं.'

खाली: 'व्हॉट्सॲपवर पाठवलंत तरी ईमेलने किंवा स्पीड पोस्टानेही पाठवा. पोच जपून ठेवा.'

स्लाइड ६. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिची मर्यादा याच स्लाइडवर: 'हेल्पलाइन कंपनीशी बोलते, तडजोडीचा प्रयत्न करते. ती आदेश देत नाही. तिथे तक्रार नोंदवली म्हणून पुढची दोन वर्षांची मुदत थांबली असं धरू नका.'

स्लाइड ७. जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे पुण्यात घेतलेल्या मिक्सरसाठी लातूरच्या माणसाला पुण्याला खेपा घालायची गरज नाही. तक्रार स्वतः करता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही. ऑनलाइन दाखल करण्यासाठी `e-jagriti.gov.in`. आणि मुदत, दोन वर्षं.

कायद्यात प्रकरण तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाली काढायचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. हे स्लाइडवर टाकू नका. प्रत्यक्षात अनेक प्रकरणांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि 'तीन महिन्यांत न्याय' वाचून आलेला माणूस चौथ्या महिन्यात तुम्हाला आणि आयोगाला एकत्रच शिव्या घालतो.

स्लाइड ८. दुसऱ्या टप्प्यातली यादी, वाचकाच्या बोलीत. 'तुमच्या मिक्सरमध्ये दोष होता का, कोणाविरुद्ध तक्रार करावी, किती रक्कम मिळेल, तुमची मुदत कधी संपते: हे ही पोस्ट सांगू शकत नाही. त्यासाठी कागद घेऊन वकिलाकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत मदतीसाठी तुम्ही पात्र आहात का, हे १५१०० वर विचारा.' तळाला मजकूर तपासल्याचा महिना आणि वर्ष.

तपासणी: आठही स्लाइड्स आठ वेगळ्या लोकांना एकेक पाठवा आणि 'यातून तुला काय करता येईल असं वाटतं?' एवढंच विचारा. कोणाच्याही उत्तरात 'पैसे परत मिळतात' असं सरसकट वाक्य आलं, तर ती स्लाइड पुन्हा लिहायची.

## ४. कोर्टाची मराठी उतरवा, पण अर्थ सांडू नका

'सामनेवाले यांनी सेवेत त्रुटी केली' हे आपल्याला इतकं सवयीचं झालेलं असतं की ते परकं आहे हे कळतच नाही. स्लाइडवर 'दुकानदार', 'कंपनी', 'तक्रार', 'भरपाई' पुरेसे आहेत. जुन्या कायद्यातला 'ग्राहक मंच' २०१९ च्या कायद्याने 'आयोग' झाला, पण लोक अजून मंचच म्हणतात आणि मंचच शोधतात. म्हणून एकदा 'ग्राहक आयोग, पूर्वीचा मंच' असं लिहा आणि पुढे आयोग.

सोपं करताना सगळ्यात जास्त नासधूस होते ती क्रियापदात. 'मागता येतं' आणि 'मिळतं' यांत वकिलाची अख्खी फी मावते. मसुदा झाला की 'मिळेल', 'द्यावंच लागेल', 'नक्की', 'सरळ' हे शब्द शोधा आणि प्रत्येकापाशी थांबून विचारा, हे आयोगासमोर मी असंच म्हणेन का? नाही म्हणणार असाल, तर 'मागू शकता' लिहा. वाक्य थोडं मिळमिळीत होईल. होऊ द्या.

कलमांचे आकडे स्लाइडवर नकोत. ते खालच्या मजकुरात, एका ओळीत. दुकानदारासमोर कलम फेकलं की संवाद तिथेच थांबतो, आणि ग्राहकाला मिक्सर हवा असतो.

## ५. नियम ३६: पोस्ट जाहिरात होऊ देऊ नका

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ३६ वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागायला आणि जाहिरात करायला मनाई करतो. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर ठरावीक तपशील देण्याची मोकळीक मिळाली, त्यापलीकडे फारशी नाही. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या ऑनलाइन जाहिरातींवर कडक शब्दांत बोट ठेवलं.

व्यवहारात याचा अर्थ काय? कायदा समजावून सांगणं एक, गिऱ्हाईक ओढणं दुसरं. पुढच्या गोष्टी पोस्टमध्ये दिसल्या की ती दुसऱ्या बाजूला झुकते: 'अशीच केस असेल तर डीएम करा', शेवटच्या स्लाइडवर मोठा फोन नंबर, 'अमुक इतक्या केस जिंकल्या', खूश अशिलाचा फोटो, आणि पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचवणं. म्हणूनच सहाव्या आणि आठव्या स्लाइडवर आपला नंबर न देता १९१५ आणि १५१०० दिले. वाचकाला जायला जागा मिळते आणि तुमच्यावर बालंट येत नाही.

खऱ्या दुकानाचं किंवा कंपनीचं नावही नको. स्वतःच्या अशिलाची हकीगत 'नाव बदलून' सांगणं त्याहून वाईट. छोट्या गावात चार तपशिलांवरून माणूस ओळखू येतो. आपला मिक्सरवाला पूर्ण कल्पित ठेवला आहे तो त्यामुळेच.

सावधान: तुमच्या जिल्ह्यात चालू असलेल्या एखाद्या प्रकरणाशी उदाहरण जुळत असेल, तर वस्तू बदला. मिक्सरऐवजी पंखा घ्या.

## ६. अक्षरं जोडाक्षरांसह वाचता आली पाहिजेत

बारमधल्या अनेकांच्या संगणकावर अजून जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट आहेत. त्यातला मजकूर चिकटवला की स्लाइडवर चिन्हांचा कचरा उमटतो. आधी युनिकोडमध्ये आणा. मग डिझाइनच्या ॲपमध्ये 'ग्राहक', 'त्रुटी', 'व्यापाऱ्याने' आणि 'प्रयोगशाळेत' हे चार शब्द टाकून पाहा. रकार, अर्धा र किंवा वेलांटी जागेवर नसेल तर फॉन्ट बदला. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे चालतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो.

उभी स्लाइड, १०८० बाय १३५० पिक्सेल. एका स्लाइडवर तीस-पस्तीस शब्द. पाचवीवरचा तयार मजकूर याला अपवाद आहे, आणि तो खालच्या मजकुरातही पूर्ण द्या, कारण चित्रातून कॉपी करता येत नाही.

## ७. टाकण्याआधी दोघांनी वाचायचं

एक वकील आणि एक वकील नसलेला. वकिलाला विचारायचं: 'यातलं कोणतं वाक्य दुकानदाराचा वकील माझ्याविरुद्ध वाचून दाखवेल?' दुसऱ्याला विचारायचं: 'उद्या सकाळी तू पहिल्यांदा काय करशील?' त्याचं उत्तर 'पावती शोधेन' आलं तर क्रम जमला. 'वकील शोधेन' किंवा 'दुकानात जाऊन भांडेन' आलं, तर चौथी आणि पाचवी स्लाइड कच्ची आहे.

ही वेळ नंतर मिळत नाही. पोस्ट गेल्यावर खालचा मजकूर दुरुस्त करता येतो, पण स्लाइडवरचं चित्र बदलता येत नाही. ती स्लाइड काढून टाकायची किंवा पोस्ट नव्याने टाकायची.

## ८. कमेंटमध्ये सल्ला देऊ नका

पहिल्या तासातच कोणी तरी लिहितं: 'सर, माझा फ्रिज १४ महिन्यांनी बंद पडला, वॉरंटी एक वर्षाची, केस होईल का?' मोह होतो, कारण उत्तर येत असतं. थांबा. फ्रिज कोणाच्या नावावर आहे, आधी कधी बिघडला होता, वॉरंटीच्या कागदावर काय आहे, यातलं तुम्हाला काही माहीत नाही. शिवाय ती कंपनी उद्या तुमच्याच चेंबरची अशील निघू शकते. आणि कमेंट सगळ्यांना दिसते. फ्रिजवाला तिथे जे कबूल करतो ते कंपनीही वाचते.

उत्तराचा साचा आधीच तयार ठेवा: 'तुमचे कागद न पाहता हे सांगता येणार नाही. वॉरंटी संपली एवढ्यावरून मार्ग बंद होतोच असं नाही आणि मार्ग आहेच असंही नाही. दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवून कागदांसह वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणात भेटा. इथे तपशील लिहू नका.' कमेंटमध्ये बिलाचा फोटो कोणी टाकला तर तो काढायला सांगा. त्यावर नाव, पत्ता, फोन सगळं असतं.

निरोपांच्या खिडकीत कागद येऊ लागले तर उघडून वाचण्याआधीच कळवा की इथे प्रकरणं पाहिली जात नाहीत. कागद वाचून गप्प बसलात तर समोरचा 'वकिलांना सगळं दिलंय' असं समजून मुदत घालवतो. आठ स्लाइड्समुळे होऊ शकणाऱ्या नुकसानांत हे सगळ्यात महागडं आहे.

## ९. तारीख लावा आणि पुन्हा उघडून पाहा

२०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाची मर्यादा एक कोटी होती. ३० डिसेंबर २०२१ पासून ती पन्नास लाख झाली. एक कोटी लिहिलेली जुनी पोस्ट आजही पुढे पाठवली गेली, तर साठ लाखांच्या फ्लॅटची तक्रार घेऊन माणूस चुकीच्या दारात उभा राहील. ऑनलाइन तक्रारीचंही तसंच. ई-दाखिलची जागा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ई-जागृतीने घेतली, पण जुना पत्ता स्लाइड्सवर फिरतोच आहे.

म्हणून बदलू शकणाऱ्या गोष्टी, म्हणजे शुल्क, रकमेची मर्यादा, संकेतस्थळ आणि हेल्पलाइनचे क्रमांक, शक्यतो सहाव्या, सातव्या आणि आठव्या स्लाइडवरच ठेवा. पहिल्या पाच स्लाइड्स कायद्यातली तरतूद बदलेपर्यंत टिकतील. दर सहा महिन्यांनी शेवटच्या तिन्ही स्लाइड्समधला प्रत्येक आकडा मूळ नियमाशी आणि संकेतस्थळाशी ताडून पाहा. एकही बदलला असेल तर पोस्ट आर्काइव्हमध्ये टाका, स्लाइड दुरुस्त करा, नव्या तारखेने पुन्हा टाका आणि खालच्या मजकुराच्या पहिल्याच ओळीत काय बदललं ते लिहा.